"हिचं नाव काय?": चाहत्याने काढलेल्या पात्राचं नाव शोधताना

माझ्या भाच्याने एक चित्र पाठवलं. पिवळा रेनकोट घातलेली मुलगी, गुडघ्यापर्यंत गमबूट, कानाच्या वर कापलेले करडे केस. तिच्या पायाशी निळ्या रंगाचा, हात नसलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फांद्या फुटल्यासारखा दिसणारा एक गोंडस प्राणी. खाली एकच ओळ होती: "मावशी, हिचं नाव काय गं? सगळीकडे शोधलं, कुठेच मिळत नाही."

प्राण्याचं नाव मी लगेच सांगितलं. तो पोकेमॉनच्या खेळांतला वूपर. मुलीचं नाव मात्र मला सांगता आलं नाही, आणि शोधूनही सांगता येणार नाही असा अंदाज मला चित्र बघताक्षणीच आला होता. एकाच चित्रातल्या दोघांपैकी एकाचं नाव चुटकीसरशी मिळतं आणि दुसऱ्याचं मिळतच नाही. हे असं का होतं, आणि "नाव मिळत नाही" हे खात्रीने म्हणण्याआधी काय काय तपासायचं, ते त्याला समजावलं तसंच इथे लिहिते आहे.

नाव येतं कुठून

वूपर हा पोकेमॉन १९९९ साली जपानमध्ये निघालेल्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत पहिल्यांदा आला. पोकेडेक्स या पोकेमॉनच्या अधिकृत यादीत त्याचा क्रमांक १९४. जपानीत त्याला उपा म्हणतात, इंग्रजीत वूपर. ही दोन्ही नावं खेळ बनवणाऱ्यांनी ठरवली आणि ती खेळाच्या पडद्यावर, पत्त्यांवर, खेळण्यांच्या खोक्यांवर छापून येतात. म्हणजे कुणीतरी हक्काने नाव ठेवलं आणि ते जाहीर केलं. "अधिकृत नाव" म्हणजे एवढंच. नाव ठेवण्याचा हक्क असलेला माणूस किंवा संस्था हवी, आणि तिने ते नाव कुठेतरी लिहून ठेवलेलं हवं.

रेनकोटवाली मुलगी त्या खेळांत नाही. पोकेमॉनच्या जगाची आवड असलेल्या कुणीतरी आपल्या मनाने एक ट्रेनर, म्हणजे पोकेमॉन पकडून सांभाळणारी, मुलगी कल्पिली आणि तिच्या हाताशी एक वूपर दिला. अशा पात्राला ओरिजिनल कॅरॅक्टर, थोडक्यात ओसी, म्हणतात. जग दुसऱ्याचं, पण पात्र चाहत्याचं स्वतःचं. तिचं नाव ठेवण्याचा हक्क जगात एकाच माणसाला आहे, तो म्हणजे तिला घडवणारा. त्याने नाव ठेवलं नसेल तर नाव नाही. ठेवलं असेल पण कुठे लिहिलं नसेल, तर ते त्याच्या डोक्यात आहे आणि आपल्याला तिथे शोध घेता येत नाही.

नवख्या माणसाचा घोळ नेमका इथे होतो. त्याला वाटतं, नाव आहेच, फक्त आपल्याला सापडत नाही. चित्रात चेहरा असतो, कपडे असतात, मुद्रा असते. नाव चित्रात नसतं, ते चित्राबाहेरच्या मजकुरात असतं. म्हणून इथला सगळा शोध चित्राचा नसून त्या मजकुराचा आहे.

चाहत्यांच्या कथांचं मोठं संकेतस्थळ एओथ्री. तिथे कथा लिहिणाऱ्याला पात्रांचे टॅग देता येतात. लेखकाने स्वतः घडवलेल्या पात्रासाठी तिथे `Original Female Character(s)` असा सरसकट टॅग आहे. हजारो वेगवेगळ्या बायका आणि मुली त्या एका टॅगखाली बसतात, कारण वाचकाला त्यांची नावं आधीपासून माहीत असण्याचं कारणच नाही.

आधी फाइलचं नाव बघा

शोध सुरू करताना सगळे चित्र उचलून सर्चमध्ये टाकतात. त्याआधी दहा सेकंद फाइलच्या नावाकडे बघा, कारण बऱ्याचदा काम तिथेच होतं.

जपानी चित्रकारांचं मोठं संकेतस्थळ पिक्सिव. तिथून उतरवलेल्या फाइलचं नाव साधारण असं दिसतं: आधी एक लांब आकडा, मग `_p0`, मग `.png` किंवा `.jpg`. तो आकडा म्हणजे त्या पोस्टचा क्रमांक, आणि `p0` म्हणजे पोस्टमधलं पहिलं चित्र. `pixiv.net/artworks/` यापुढे तो आकडा टाकला की थेट मूळ पान उघडतं.

दुसरा नमुना डॅनबूरूचा. हा चित्रांचा मोठा साठा आहे आणि तिथले सदस्य प्रत्येक चित्राला बारकाईने टॅग लावतात. तिथल्या फाइलचं नाव दोन खालच्या रेघांनी सुरू होतं. हात्सुने मिकू या जपानच्या आभासी गायिकेचं चित्र असेल तर सुरुवात अशी असते:

```
__hatsune_miku_vocaloid_drawn_by_
```

आधी पात्र, मग ते कुठलं, मग चित्रकार. आता एखाद्या निनावी ओसीच्या फाइलची सुरुवात बघा:

```
__original_drawn_by_
```

पात्राची जागाच गायब आहे. थेट `original`, आणि पुढे चित्रकार. फाइलचं असं नाव दिसलं की समजायचं, हे चित्र बघून टॅग लावणाऱ्या सराईत माणसालाही नाव सापडलेलं नाही.

भाच्याच्या फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं. चित्र कुणीतरी चॅट अ‍ॅपवरून पुढे पाठवलं की अ‍ॅप त्याला स्वतःचं नाव देतं आणि मूळ आकडा जातो. वर कडाही कापलेल्या होत्या. त्यामुळे पुढची पायरी गाठावी लागली.

चित्रावरून शोध, आणि त्यातली फसगत

चित्राची जितकी मोठी आणि न कापलेली प्रत मिळेल तितकी घ्या. कोपरे नीट बघा. सही बहुतेक वेळा खाली उजवीकडे असते, कधी कपड्याच्या चुणीत किंवा केसांच्या बटेत दडवलेली असते. सही मिळाली तर उत्तमच, पण ती चित्रकाराची आहे, पात्राची नाही. हे सांगायची गरज वाटत नसली तरी सांगते, कारण चित्रकाराच्या सहीलाच मुलीचं नाव समजून पुढे पाठवलेली किती चित्रं मी पाहिली आहेत त्याची गणती नाही.

भाच्याने गूगल लेन्स वापरलं होतं. लेन्सने त्याला पोकेमॉनच्या खेळांतल्या एका अधिकृत ट्रेनरचं नाव दिलं, आणि तो अर्धा दिवस त्या नावामागे धावला. यात लेन्सचा दोष नाही. ते सारखं दिसणारं शोधतं. करडे आखूड केस आणि शेजारी पोकेमॉन एवढं जुळलं की ते सगळ्यात जास्त चित्रं असलेल्या पात्राकडे झुकतं, आणि सगळ्यात जास्त चित्रं अर्थातच अधिकृत पात्रांची असतात. म्हणून ओसीच्या बाबतीत लेन्स नाव देतं तेव्हाच जास्त सावध व्हायचं.

असं नाव हाती आलं की ते खरं आहे का हे ताडून बघायची एक साधी पद्धत आहे. त्या अधिकृत पात्राचं खेळातलं मूळ चित्र उघडा आणि शेजारी आपलं चित्र ठेवा. कपड्यांकडे बघू नका, चित्रकार कपडे बदलतातच. डोळ्यांचा रंग, केसांचा भांग आणि टोकं, केसांतला दागिना किंवा क्लिप, अंगावरची खूण, तीळ, पट्टी, हे बघा. अधिकृत पात्र रेनकोटमध्ये काढा नाहीतर पोहण्याच्या कपड्यांत, चाहते या खुणा सोडत नाहीत, कारण त्यांच्यावरूनच ते पात्र ओळखू येतं. आमच्या मुलीचे डोळे पिवळसर होते, त्या ट्रेनरचे निळे. आमच्या मुलीच्या उजव्या भुवईवर एक चीर होती, त्या ट्रेनरच्या नव्हती. दोन खुणा चुकल्या की नाव सोडून द्यायचं.

एक शक्यता मी स्वतः पडताळली. पोकेमॉनच्या खेळांत पॅरासोल लेडी नावाचा ट्रेनरांचा एक प्रकार आहे, छत्री घेऊन फिरणाऱ्या बायकांचा. पावसाचा संबंध बघून वाटलं, तसलंच काही असेल. पण त्यांची ओळख छत्री हीच आहे, आणि इथे छत्री नव्हती. शिवाय तो प्रकार आहे, एका व्यक्तीचं नाव नव्हे. अधिकृत खेळांतही गर्दीतल्या कित्येक पात्रांची अशी फक्त जातकुळी सांगितलेली असते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

लेन्सनंतर `saucenao.com`. हे संकेतस्थळ चित्रांच्या साठ्यांमध्ये नेमकं तेच चित्र शोधतं, म्हणून या कामाला ते जास्त उपयोगी. प्रत्येक निकालाशेजारी साम्याचा टक्का लिहिलेला असतो. माझा अनुभव असा की नव्वदच्या आसपास किंवा वर असेल तर ते तेच चित्र असतं, थोडं कापलेलं किंवा रंग उतरलेलं. पन्नास-साठच्या घरात असेल तर बहुधा रंगसंगती आणि मांडणी तेवढी जुळलेली असते, त्याला भुलू नका. ते तिथे सापडलं नाही तर `ascii2d.net` बघा. ते आधी रंगांवरून आणि मग आकारांवरून असे दोन वेगळे निकाल देतं, आणि कापलेल्या चित्रासाठी दुसरा निकाल जास्त कामाला येतो. टिनआय या चित्रशोधाच्या संकेतस्थळावर निकाल सगळ्यात जुन्यापासून लावता येतात, चित्र आधी कुठे आलं हे कळायला ती सोय बरी पडते.

आमचं चित्र सॉसनाओवर सापडलं, एक्क्याण्णव टक्के. दोन निकाल आले, एक पिक्सिवचा आणि एक डॅनबूरूचा.

टॅग वाचायचे कसे

डॅनबूरूच्या पानावर डावीकडे टॅगांची यादी असते आणि ती गटांत विभागलेली असते: चित्रकार, कॉपीराइट, पात्र, आणि मग बाकीचं वर्णन. आपल्या प्रश्नासाठी कॉपीराइट आणि पात्र हे दोनच गट महत्त्वाचे.

आमच्या पानावर कॉपीराइटखाली `pokemon` आणि `original` हे दोन्ही होते. म्हणजे जग पोकेमॉनचं, पण कुणीतरी स्वतः घडवलेलं आहे. पात्राखाली एकच टॅग होता: `wooper`.

भाचा खूश झाला. "मावशी, मिळालं! वूपर!"

हसू नका, ही चूक फार सहज होते. पात्रांच्या गटात एकच नाव आहे आणि चित्रात मधोमध मुलगी आहे, तर नाव तिचंच असणार असं वाटतं. म्हणून टॅगमधलं प्रत्येक नाव चित्रातल्या कुणाचं आहे हे एकेक करून जुळवायचं. जुळवल्यावर ज्याच्या वाट्याला नाव उरत नाही, तो आपला ओसी.

डॅनबूरूवर ओसीला नाव असेल तर ते बरेचदा कंसात चित्रकाराच्या नावासह येतं, `नाव_(चित्रकार)` अशा घाटाचं. तो कंस बघितला की समजायचं, हे नाव चित्रकाराने कुठेतरी सांगितलेलं आहे आणि टॅग लावणाऱ्याने ते त्याच्या खात्याशी बांधून ठेवलं आहे. माय लिट्ल पोनीच्या चाहत्यांच्या डर्पीबूरूवर पद्धत आणखी सुटसुटीत. तिथे ओसीच्या नावाआधी `oc:` लावतात, आणि ज्या चित्रात मालिकेतलं कुणीच नाही, फक्त चाहत्यांची पात्रं आहेत, त्यावर `oc only` लागतं. `oc` आहे पण `oc:` पुढे नाव असलेला टॅग नाही, असं दिसलं तर तेच उत्तर आहे.

मूळ पान हाच खरा पुरावा

टॅग इतरांनी लावलेले असतात. शेवटचा शब्द चित्रकाराचा, म्हणून त्याच्या स्वतःच्या पोस्टपर्यंत जायलाच हवं. पिक्सिवच्या पानावर तीन गोष्टी वाचायच्या: शीर्षक, खालचा मजकूर आणि टॅग. जपानी येत नसेल तर भाषांतराची सोय वापरा, पण एका वेळी एकच ओळ द्या. सगळं पान एकदम दिलं की शीर्षक, टॅग आणि वाचकांच्या प्रतिक्रिया यांची खिचडी होते.

शीर्षकाला नाव समजू नका. आमच्या पोस्टच्या शीर्षकाचा अर्थ नुसता "पावसाळा" असा होता. कुणीतरी ते इंग्रजी लिपीत उतरवलं असतं तर ते मुलीचं नाव म्हणून सहज खपलं असतं. जपानीतले ऋतू, फुलं, रंग हे शब्द मुलींची नावंही असू शकतात, त्यामुळे हा सापळा फार नाजूक आहे.

टॅगांमध्ये तीन शब्द ओळखायला शिका. `オリジナル` म्हणजे ओरिजिनल. `うちの子` म्हणजे शब्दशः "आमच्या घरचं पोर". चित्रकार स्वतःच्या ओसीला लाडाने असं म्हणतात. आणि `よその子` म्हणजे "दुसऱ्याच्या घरचं पोर". हा शेवटचा शब्द फार मोलाचा आहे. तो दिसला तर पात्र चित्रकाराचं नाही, दुसऱ्या कुणाचं आहे. मग चित्रकाराला नाव विचारून फारसा फायदा नाही, कारण ते सांगण्याचा हक्क त्याचा नाही.

पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रांत, म्हणजे कमिशनमध्ये, हेच होतं. मजकुरात `commission` किंवा `comm for` आणि पुढे एखादं खातं दिलेलं असतं. तिथे चित्रकार एक, मालक दुसरा. मालक बरेचदा आपल्या पात्राचं पान टॉयहाउस या ओसींच्या संकेतस्थळावर ठेवतो. तिथे पात्राचं नाव, स्वभाव, कपड्यांचे तपशील आणि आधीचे मालक कोण, हे सगळं असू शकतं. पण ते पान बघायची मुभा कुणाला द्यायची हे मालक ठरवतो, त्यामुळे पान असूनही तुम्हाला दिसणार नाही असं होऊ शकतं.

"आधीचे मालक" वाचून दचकला असाल तर थोडं सांगते. काही चित्रकार नुसता पात्राचा आराखडा काढून विकतात. त्याला अडॉप्टेबल म्हणतात, बोलीत "अडॉप्ट". विकताना त्याला नाव नसतं, फार तर क्रमांक असतो. घेणारा नाव ठेवतो, आणि त्याने पुढे दुसऱ्याला दिलं की तो नवं नाव ठेवतो. अशा वेळी तेच चित्र बघून दोन माणसं दोन नावं सांगतात आणि दोघंही आपापल्या काळापुरती बरोबर असतात. तारीख बघितल्याशिवाय हा तिढा सुटत नाही.

आमच्या पोस्टवर `うちの子` होता. मुलगी चित्रकाराची स्वतःची. खालच्या मजकुरात पाऊस सुरू झाल्याबद्दल दोन ओळी होत्या आणि वूपर काढायला मजा आली असं होतं. नाव नव्हतं. मग त्याच खात्यावर मागे गेलो. हीच मुलगी आणखी चार चित्रांत होती, दोनदा रेनकोटमध्ये, दोनदा साध्या कपड्यांत, भुवईवरची चीर सगळीकडे तीच. एकाही ठिकाणी नाव नाही. ही पायरी बरेच जण गाळतात. एका पोस्टमध्ये नाव नसणं आणि पात्राच्या सगळ्याच पोस्टमध्ये नाव नसणं यांत फरक आहे. पहिल्याने काही सिद्ध होत नाही. दुसरं मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे.

खोटं नाव कसं चिकटतं

या शोधात भाच्याला आणखी एक नाव सापडलं होतं. वॉलपेपरच्या दोन संकेतस्थळांवर आणि चित्रं टाचून ठेवायच्या एका अ‍ॅपवर तेच नाव होतं. तीन ठिकाणी एकच नाव म्हणजे ते खरंच असणार, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला तिन्हींच्या तारखा बघायला लावल्या. सगळ्यात जुनी पोस्ट मूळ चित्रानंतर पाच महिन्यांनी आलेली होती, आणि ज्याने ती टाकली त्याच्याकडे असल्या सगळ्याच चित्रांना गोड गोड मुलींची नावं दिलेली होती. शोधात सापडावं म्हणून काहीतरी लिहावं लागतं, म्हणून लिहिलेलं. बाकीच्या दोघांनी ते तिथून उचललं. आता लेन्सला विचारलं तर ते हीच पानं दाखवणार, मग ते बघून चौथा माणूस तेच नाव लिहिणार. तीन साक्षीदार दिसत असले तरी साक्ष एकाचीच आहे, आणि त्याला काही माहीत नव्हतं.

म्हणून नाव कितीही ठिकाणी सापडो, ते मागे मागे नेऊन चित्रकाराच्या किंवा मालकाच्या स्वतःच्या लिखाणापर्यंत पोहोचतं का, एवढंच बघायचं. पोहोचलं नाही तर ते टोपणनाव आहे.

टोपणनाव वाईटच असतं असं नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये निन्टेन्डोने मारिओच्या एका खेळात सुपर क्राउन नावाचा मुकुट दाखवला. तो घातला की टोडेट हे पात्र राजकन्येसारखं दिसू लागतं. त्यावरून एका चाहत्याने छोटी चित्रकथा काढली, त्यात तो मुकुट खलनायक बाउझर घालतो आणि शिंगं असलेली राजकन्या होतो. काही दिवसांत त्या पात्राची असंख्य चित्रं निघाली. इंग्रजीत लोक तिला बाउझेट म्हणू लागले, जपानीत कुप्पाहिमे. बाउझरला जपानीत कुप्पा म्हणतात आणि हिमे म्हणजे राजकन्या. दोन भाषांत दोन वेगळी नावं, आणि दोन्ही चाहत्यांनी पाडलेली. निन्टेन्डोने हे पात्र आपल्या खेळात घेतलंच नाही. म्हणजे जगभर माहीत असलेल्या चाहत्यांच्या पात्रालाही अधिकृत नाव नाही, सर्वमान्य टोपणनावं आहेत. मग तीन-चारशे लोकांनी पाहिलेल्या रेनकोटवाल्या मुलीला कोण नाव देणार?

उलटं झाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि ती बघितली की निनावी राहण्याचं कारण जास्त स्पष्ट होतं. हात्सुने मिकूच्या चाहत्यांनी पिवळ्या केसांची अकिता नेरू आणि करड्या केसांची योवाने हाकू अशा दोघी घडवल्या. नेरूच्या नावात "कंटाळा आला, झोपतो" अशा अर्थाचे शब्द दडले आहेत, हाकूच्या नावात रडगाणं गाण्याचा अर्थ आहे. नाव हाच विनोद होता, पात्राचा जन्मच नावातून झाला, त्यामुळे ती निनावी राहणं शक्य नव्हतं. पुढे सेगाच्या प्रोजेक्ट दीवा या खेळांत दोघी आल्या आणि त्यांची नावं पडद्यावर झळकली. कासाने तेतोचंही तसंच. २००८ च्या एप्रिल फूलला जपानी चाहत्यांनी "नवी गायिका आली" अशी थाप मारण्यासाठी ती घडवली, आणि थाप मारायची तर नाव लागतंच. आमच्या मुलीचा जन्म नावातून झाला नाही, एका पावसाळी रेनकोटातून झाला. चित्र पूर्ण व्हायला नावाची गरजच पडली नाही.

चित्रकाराला विचारायचं असेल तर

विचारायला हरकत नाही, पण आधी वरच्या सगळ्या पायऱ्या झालेल्या असाव्यात. संदेश छोटा ठेवा. कुठल्या चित्राबद्दल आहे त्याचा दुवा द्या, चित्र आवडलं हे एका ओळीत सांगा, आणि प्रश्न असा विचारा की "नाव नाही" हेही सोपं उत्तर व्हावं. "हिचं नाव काय?" असं विचारलं की समोरच्यावर नाव काढून देण्याचं ओझं पडतं. "हिला नाव ठेवलं आहे का?" हे जास्त बरं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका. काहींना नाव स्वतःपुरतं ठेवायचं असतं आणि तसं ते स्पष्ट सांगतातही. त्यावर वाद घालायचा नसतो.

आणि चित्र साठवताना किंवा कुणाला दाखवताना नावाच्या जागी काय लिहायचं? चित्रकाराचं खातं, मूळ पोस्टचा दुवा, आणि "ओसी, नाव दिलेलं नाही" एवढं पुरतं. फाइलला पिक्सिवचा तो आकडा परत लावून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागणार नाही. स्वतःच्या सोयीसाठी "रेनकोटवाली" म्हणालात तर चालेल, फक्त ते नाव म्हणून बाहेर लिहू नका. वॉलपेपरवाल्याने केलं ते हेच.

भाच्याने विचारलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. मुलीला नाव नाही, चित्रकाराने लिहिलं होतं, कधी गरजच वाटली नाही. वूपरला मात्र आहे. तो खेळात पकडलेला खरा वूपर होता आणि त्याला टोपणनाव देऊन ठेवलेलं होतं. ते नाव भाच्याने मला सांगितलं नाही. म्हणाला, विचारून सांगतो.